परदेशी फीसाठी रुपयात बचत: प्रत्येक वर्षाची फी वेगळी मांडा

प्रश्न: सर, आम्ही फोंड्याचे. मुलगी आता सातवीत, बारावीनंतर यूकेला तीन वर्षांच्या डिग्रीला पाठवायचा विचार आहे. आजची फी वर्षाला २०,००० पौंड, १२० च्या रेटने २४ लाख, म्हणजे तीन वर्षांचे ७२ लाख. २० लाखांची एफडी आहे, दरमहा ४५ हजारांची एसआयपी चालू आहे, ८ टक्के रिटर्न धरला तर सहा वर्षांत ७२ लाख होतात. एवढं पुरेल ना? आणि पौंडाचा रेट पुढे काय धरायचा? राहण्या-खाण्याचं स्विंडनचा भाऊ बघणार आहे, फक्त फीचं सांगा.

उत्तर:

तुमचा बचतीचा हिशेब बरोबर आहे, मी परत करून बघितला, सहा वर्षांत ७२-७३ लाख होतात. चूक दुसऱ्या बाजूला आहे. ७२ लाख हा आजच्या फीचा आणि आजच्या रेटचा आकडा, आणि तुम्ही पैसे भरणार २०३२, २०३३ आणि २०३४ च्या सप्टेंबरात. ही तीन वेगळी बिलं आहेत, तीन वेगळ्या तारखांची, आणि प्रत्येक तारखेला फीही वेगळी असणार आणि पौंडही. मी पणजीत गेली वीसेक वर्षं लोकांचे असे हिशेब करून देतोय, आणि बहुतेक आईबाप इथेच अडकतात, सगळ्याचं मिळून एकच टार्गेट धरतात आणि पहिल्या फीच्या दिवशी बचत संपली असं समजतात.

तर एक साधी एक्सेल शीट उघडा. पहिल्या कॉलममध्ये आजपासून किती वर्षांनी फी भरायची ते, म्हणजे A2, A3 आणि A4 मध्ये ६, ७ आणि ८. त्यापुढे हे फॉर्म्युले:

```
B2: =20000*1.04^A2
C2: =120*1.03^A2
D2: =B2*C2/100000
E2: =D2/1.08^A2
```

बी म्हणजे त्या वर्षीची फी पौंडात, सी म्हणजे त्या वर्षीचा रेट, डी म्हणजे लाखात रुपये, आणि ई म्हणजे त्या फीसाठी आज किती रक्कम हातात असती तर ८ टक्क्यांनी वाढून पुरली असती. खाली दोन ओळी ड्रॅग करा, झालं.

मी इथे फी वर्षाला ४ टक्के वाढते असं धरलंय आणि पौंड ३ टक्के. पहिल्या वर्षाची फी २५,३०६ पौंड होते, रेट १४३ च्या थोडा वर, म्हणजे ३६.२६ लाख. दुसऱ्या वर्षाचे ३८.८४ लाख, तिसऱ्या वर्षाचे ४१.६१ लाख. एकूण ११६.७ लाख. तुमच्या ७२ लाखांपेक्षा जवळजवळ ४५ लाख जास्त, आणि यात काही भयंकर धरलेलं नाहीये, दोन्ही आकडे मध्यमच आहेत. फक्त दोन्ही एकमेकांना गुणले जातात, रुपयात फी वर्षाला ७.१२ टक्क्यांनी वाढते.

आता या ७.१२ कडे नीट बघा कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. तुमचा रिटर्न ८ टक्के. म्हणजे फीच्या मानाने तुमचा पैसा वर्षाला एक टक्कासुद्धा वाढत नाही. ई कॉलमची बेरीज करा, ६८ लाख येतात. आजच्या फीने तीन वर्षांचे ७२, आणि आज हातात लागतात ६८, फरक फक्त ४ लाखांचा. कंपाउंडिंगमुळे आपोआप होईल असं जे आपल्याला वाटतं ना ते इथे होत नाही, रिटर्न फीची आणि पौंडाची वाढ भरून काढण्यातच संपतो, बाकी सगळं मुद्दलानेच भरायचंय. आणि एफडीचं तर उलटंच, ७ टक्के व्याज, तुम्ही ३० टक्के स्लॅबमध्ये असाल तर हातात ५ च्या खाली, म्हणजे एफडीतले २० लाख पौंडाच्या फीच्या तुलनेत दरवर्षी दोन टक्क्यांनी कमी होतायत, पासबुकात मात्र वाढताना दिसतात. तुमच्या हिशेबात त्या २० लाखांचे ८ टक्क्यांनी ३१.७ लाख होतात, पण एफडीतच ठेवले तर साडेसव्वीसच्या आसपास होतील. पाच लाख तिथेच गेले.

आता तुमचा प्लॅन आहे तसाच चालवून बघू. एफडीसकट सगळ्यावर ८ टक्के मिळाले असं तुमच्या बाजूने धरतो. २०३२ च्या सप्टेंबरात ७२.९ लाख जमलेत, पहिली फी ३६.२६ भरली, ३६.६ उरले. एसआयपी थांबवली नाही तर वर्षभरात ते ४५ लाखांवर जातात, दुसरी फी ३८.८४, ती पण भरली. इथपर्यंत घरात सगळ्यांना वाटतं की छान चाललंय. उरले सहा लाख, पुढच्या वर्षभरात त्याचे १२ लाख होतात आणि समोर तिसऱ्या वर्षाची ४१.६ लाखांची फी. २९ लाख कमी. आणि हे कळतं केव्हा, तर मुलगी तिकडे शेवटच्या वर्षात शिरताना, जेव्हा कोर्स बदलता येत नाही, परत आणता येत नाही. एसआयपी पहिल्या फीलाच बंद केलीत तर तिसरी फी जवळजवळ पूर्णच डोक्यावर. अशी वेळ आलेली दोन घरं मी जवळून बघितलीत, दोन्ही वेळा शेवटच्या उन्हाळ्यात घाईघाईने जमीन काढायची पाळी आली, आणि घाईत विकलेल्या जमिनीला भाव येत नाही.

उपाय म्हणजे बचत ८ वर्षांची धरा, ६ ची नको. ती शिकत असताना तुमचे पगार चालूच असणार आहेत, शेवटचा हप्ता २०३४ पर्यंत जातो. आणि एसआयपी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवा, तुमच्या ॲपमध्ये स्टेप-अपचा ऑप्शन असेल तो एकदाच टिक करून ठेवा. वाढ आणि रिटर्न दोन्ही ८ टक्के धरले की हिशेब तोंडी होतो, प्रत्येक वर्षाच्या बचतीची आजची किंमत सारखीच येते, महिन्या महिन्याने भरतो म्हणून फक्त साधारण १.०४ ने भागायचं. ६८ लाखांतले २० तुमच्याकडे आहेत, राहिले ४८. आठ वर्षांत भागले आणि १.०४ चा हिशेब धरला तर पहिल्या वर्षी ६.२४ लाख, म्हणजे महिन्याला ५२ हजार. तेच पहिल्या फीपर्यंत सहाच वर्षांत उरकायचं म्हटलं तर ६९ हजार लागतात. ५२ जमत नसतील तर ४५ नेच सुरू करा पण स्टेप-अप लावा, मग तिसऱ्या वर्षी २९ च्या जागी १२ लाख कमी पडतील. १२ लाखांचं एज्युकेशन लोन वेळेत ठरवून घेता येतं, २९ लाख ऐनवेळी उभे करणं वेगळंच. फक्त लक्षात ठेवा, सातव्या-आठव्या वर्षी हप्ता मोठा होतो, ५२ चा शेवटच्या वर्षी ८९ हजार होतो, पगार त्या वेगाने वाढणारा नसेल तर स्टेप-अप कमी आणि सुरुवात जास्त ठेवावी लागेल.

आता रेटचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच होता. ३ टक्के कुठून आणले? लांबच्या पल्ल्यात दोन देशांच्या महागाईतला जो फरक असतो त्याच्या आसपास रुपया घसरत राहतो. आपल्या रिझर्व्ह बँकेचं महागाईचं टार्गेट ४ टक्के, बँक ऑफ इंग्लंडचं २ टक्के, म्हणजे दोनेक टक्के तर तिथूनच येतात, वर एक टक्का मी सावधगिरीचा धरतो. डॉलर बघितलात तर २०१३ च्या सुरुवातीला ५४-५५ होता आणि २०२३ च्या सुरुवातीला ८२ च्या आसपास, म्हणजे त्या दहा वर्षांत ४ टक्क्यांच्या वर. पौंड मात्र असा सरळ चालत नाही, आणि ३ टक्के ही फक्त रेषा आहे, पौंड त्या रेषेवरून कधीच चालणार नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. ऑगस्ट २०१३ मध्ये पौंड १०० च्या वर गेला होता. मग जून २०१६ ला ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि तो ८०-८५ पर्यंत आला. सप्टेंबर २०२२ मध्ये परत ९० च्या खाली. म्हणजे नऊ वर्षांनी पौंड पहिल्यापेक्षा स्वस्त! त्या काळात कोणी म्हटलं असतं की पौंड वाढत नाही तर ते खोटं नव्हतं. आणि मग तीनच वर्षांत, २०२५ मध्ये, ११५ च्या वर. नऊ वर्षं काही नाही आणि तीन वर्षांत सगळं एकदम.

यात नुकसान कसं होतं ते माझंच सांगतो. माझा मुलगा सप्टेंबर २०२३ ला मास्टर्सला जायचा होता, फी १९,००० पौंड. आदल्या सप्टेंबरात पौंड पडला, रोज मोबाईलवर बघायचो, ८७, ८८, आणि मला वाटलं आता सुटलो, जास्तीचे जे बाजूला टाकत होतो ते थांबवले आणि पावसाळ्याआधी घराचं छप्पर काढून कौलं बदलून घेतली. पुढच्या जुलैत फी भरायला गेलो तेव्हा पौंड १०५ च्या वर. सतरा रुपयांचा फरक, सव्वातीन लाख. भर पावसात बँकेच्या काउंटरवर ए-२ फॉर्म भरत होतो, मोबाईलवर १०६.४० दिसत होता आणि क्लार्कने स्लिपवर लिहून दिला १०८.२५. म्हटलं हा कुठला रेट, तर म्हणाली हा टीटी सेलिंग रेट, बँक पौंड विकते तो, मोबाईलवरचा कोणालाच मिळत नाही. पावणेदोन रुपयांच्या वर फरक, १९,००० पौंडाला ३५ हजार रुपये.

त्यातून दोन सवयी लागल्या त्या सगळ्यांना सांगतो. एक, शीटमध्ये सुरुवातीचा रेट गूगलचा टाकायचा नाही, तुमच्या बँकेचा टीटी सेलिंग रेट विचारून तोच टाकायचा. रक्कम मोठी असली तर ब्रांचला सांगायचं की डीलिंग रूमकडून रेट घेऊन द्या, बऱ्याचदा त्यातले काही पैसे सुटतात पण आपण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. दुसरं, एखाद्या वर्षी पौंड तुमच्या रेषेच्या खाली असला तर एसआयपी कमी करायची नाही. समजा २०३० ला शीट म्हणते १३५ आणि बाजारात १२२ आहे, तर ते १३ रुपये तुमचा फायदा नाहीत, पुढच्या उडीसाठी ठेवलेले पैसे आहेत. पौंड रेषेच्या वर गेला तर मात्र त्याच महिन्यात हप्ता वाढवायचा. उडी लवकर आली तर सुधारायला वर्षं हातात असतात. फीच्या आदल्या वर्षी आली तर काहीच करता येत नाही, म्हणून त्याची तयारी आधीपासून. तीनही फींच्या वेळी रेट रेषेच्या १० टक्के वर असेल असं धरून बघा, ११६.७ चे १२८.४ होतात. हे वरचे ११.७ लाख एसआयपीत घालायची जबरदस्ती मी करत नाही, त्यासाठी कोर्सच्या पहिल्या वर्षीच एज्युकेशन लोन सँक्शन करून ठेवा आणि लागलं तरच उचला. न उचललेल्या रकमेवर व्याज बसत नाही, प्रोसेसिंगचा खर्च काय तो एकदाच. ४५ हजारांवाला मार्ग घेतलात तर ते १२ लाखही धरून २४ लाखांचं सँक्शन मागा.

फीच्या ४ टक्क्यांबद्दल. तिकडच्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या फीवर सरकारची मर्यादा आहे, इंग्लंडमध्ये ती २०१७ पासून २०२४-२५ पर्यंत ९,२५० पौंडांवरच अडकून होती, २०२५-२६ ला ९,५३५ झाली. खर्च वाढत गेले आणि तिथे फी वाढवता येईना, त्यामुळे बाहेरच्या मुलांवर जोर येतो, त्यांच्या फीला अशी मर्यादा नाही. म्हणून तुमच्या मनात जी दोन-तीन विद्यापीठं आहेत त्यांची याच कोर्सची तीन-चार वर्षांची इंटरनॅशनल फी शोधा आणि ४ च्या जागी तुमचा खरा आकडा टाका. आणि एक गोष्ट नक्की तपासा, काही विद्यापीठं प्रवेशाच्या वर्षाची फी पूर्ण कोर्सभर तीच ठेवतात, काही दरवर्षी वाढवतात. फी कायम ठेवणारं मिळालं तर तुमचा आकडा ११६.७ वरून ११२ वर येतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त पौंड वाढतो. साडेचार लाखांचा फरक फी पॉलिसीचं एक पान वाचून कळतो.

पैसे कुठे ठेवायचे याचं थोडक्यात. प्रत्येक ओळ आपापल्या तारखेच्या दोन वर्षं आधी इक्विटीतून काढायला लागा, २०३२ ची फी २०३० पासून, २०३३ ची २०३१ पासून. पहिल्या वर्षाचं तर अजूनच सांभाळून, कारण स्टुडंट व्हिसासाठी दाखवायचे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात आणि त्यात तेव्हा भरायची राहिलेली पहिल्या वर्षाची फी धरली जाते, बाजार पडलेला असला म्हणून तिथे थांबता येत नाही. काही हिस्सा, पाचवा-चौथा भाग, अमेरिकेच्या इंडेक्स फंडात ठेवला तर रुपया घसरला की तो थोडा वर येतो, पण तो डॉलर आहे, पौंड नाही, २०१६ सारखं दोघं उलट दिशेलाही जातात, त्यामुळे त्याला पूर्ण बंदोबस्त समजू नका. आत्तापासून पौंड घेऊन परदेशी खात्यात साठवायचा सल्ला काही जण देतात, सहा वर्षं आधी मी तरी देत नाही, शिक्षणाच्या नावाने पाठवलेल्या पैशाला जी टीसीएसची सवलत असते ती अशा साठवणुकीला मिळत नाही.

टीसीएस म्हणजे वर्षाला १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर बँक कापते तो टॅक्स. टक्का बजेटमध्ये बदलत असतो, त्या वर्षीचा बघायचा. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर अडकतो. १० लाखांची सूट माणशी आहे, म्हणून अर्धी फी तुमच्या खात्यातून आणि अर्धी मिसेसच्या खात्यातून पाठवा. बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या फीवर तो लागत नाही.

शेवटी भावाचं. तो स्विंडनला आहे म्हणून कधीतरी असं निघेलच की मी इथून पौंडात फी भरतो, तू गावात मला रुपयात दे. त्याने पुतणीला भेट म्हणून भरली तर काही हरकत नाही. पण हिशेब मांडून इथे रुपयात परत करायचं ठरलं तर ते फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमात बसत नाही, तसं करू नका. आणि शेजारपाजारी कोणी सांगितलं की पोर्तुगीज पासपोर्ट काढा, तिकडे स्थानिक फी लागते, तर ते जुनं झालं. ऑगस्ट २०२१ पासून सुरू होणाऱ्या कोर्सना इंग्लंडमध्ये ईयू पासपोर्टवाल्यांनाही इंटरनॅशनल फीच पडते, ज्यांचं आधीपासून तिथे राहून सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस झालंय त्यांचं वेगळं.

शीट तयार झाली की दर सप्टेंबरात, तिकडच्या फीचे नवे आकडे आले की, बी आणि सी च्या फॉर्म्युल्यांत २०,००० आणि १२० च्या जागी त्या दिवसाचे खरे आकडे घाला, ए मधून एक वर्ष कमी करा आणि ई ची बेरीज तुमच्याकडे जमलेल्या आणि पुढे जमणार असलेल्या पैशांशी लावून बघा. तुमच्या विद्यापीठांचे तीन-चार वर्षांचे फीचे आकडे मिळाले की इथेच टाका, ४ टक्के बरोबर आहेत की जास्त धरावे लागतील ते मी बघून सांगतो.